सोलापुरातल्या योगशिक्षक आणि फिटनेस ट्रेनरसाठी : प्रमाणपत्रं, निकाल आणि बॅच जिमसमोर कशा मांडायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुळे सोलापूर आणि होटगी रोड भागात योगाच्या बॅच घेते. शहरातल्या दोन जिम नवीन शिक्षकाची ट्रायल बघायला मला बोलावतात, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बसायची सवय झाली आहे. नवीन मुलंमुली मला जे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : आपण जे सांगतो ते समोरच्याला पडताळून बघता आलं पाहिजे. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे शेवटी.

१. मॅडम, जिममध्ये पहिल्यांदा भेटायला जाताना काय काय घेऊन जाऊ?

एक पान. फाइल पिशवीत असू द्या, पण हातात एकच पान द्या.

जिमचा मालक सकाळी साडेसातला काउंटरवर असतो. कुणाची मेंबरशिप संपलेली असते, कुणाला लॉकरची किल्ली सापडत नसते, आणि त्यातच तो तुम्हाला भेटतो. मागे एक मुलगा लॅमिनेट केलेल्या तेवीस प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आला होता. त्यात शाळेतल्या कबड्डीपासून एका दिवसाच्या झुंबा वर्कशॉपपर्यंत सगळं होतं. मालकाने सात-आठ पानं उलटली आणि फाइल बंद केली. त्या फाइलमध्ये पंधराव्या पानावर एक खरंच चांगलं प्रमाणपत्र होतं. ते त्याने पाहिलंच नाही.

पानावर सर्वात वर तुमचं नाव आणि तुम्ही कुणाला काय शिकवता ते एका वाक्यात लिहा. ‘योग, झुंबा, वेट ट्रेनिंग, डाएट, मेडिटेशन’ अशी माळ लावू नका. ‘चाळिशीपुढच्या महिलांसाठी सकाळची योगाची बॅच’ असं लिहिलं की मालकाला लगेच कळतं, आपल्याकडचा कोणता स्लॉट रिकामा आहे. त्याखाली जास्तीत जास्त तीन प्रमाणपत्रं, मग बॅच कशी चालते (प्रश्न ८), मग एखादा निकाल (प्रश्न ४), आणि शेवटी तुमच्याबद्दल सांगू शकतील अशा दोन माणसांचे फोन नंबर. त्या माणसांना आधी विचारा. परवानगी न घेता नंबर दिला आणि त्यांनी फोनवर ‘कोण बोलतंय?’ असं विचारलं, तर वरचं सगळं वाया जातं.

२. आयुषचं, योगा अलायन्सचं आणि विद्यापीठाच्या डिप्लोमाचं, यातलं कोणतं वर लिहू?

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा क्रम लावण्याआधी प्रत्येकीचा अर्थ नीट समजून घ्या, कारण गडबड इथेच होते.

आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची पद्धत परीक्षेची आहे. तुम्ही कुठेही शिकला असाल, बोर्ड लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेतं आणि तुम्हाला एका पातळीवर बसवतं. शिकवणाऱ्यांच्या पातळ्या चार : योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, योग वेलनेस इन्स्ट्रक्टर, योग टीचर अँड इव्हॅल्युएटर, आणि योग मास्टर. पहिल्या पातळीचा माणूस मंत्रालयाचा सामान्य योग प्रोटोकॉल बागेत, सोसायटीत शिकवू शकतो. शाळा, स्टुडिओ, कामाची ठिकाणं अशा जागी शिकवणं दुसऱ्या पातळीत येतं. उपचाराची वाट यापेक्षा वेगळी आहे. त्यात असिस्टंट योग थेरपिस्ट, योग थेरपिस्ट अशा स्वतंत्र पायऱ्या आहेत. म्हणून ‘आयुष सर्टिफाइड’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पातळीचं पूर्ण नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि वर्ष लिहा.

योगा अलायन्स ही अमेरिकेतली नोंदणी ठेवणारी संस्था आहे. ती तुमची परीक्षा घेत नाही. तिच्याकडे नोंदलेली एखादी शाळा तुम्हाला दोनशे तासांचं प्रशिक्षण देते, प्रमाणपत्रही शाळाच देते, आणि त्या जोरावर तुम्ही योगा अलायन्सकडे नाव नोंदवता. ही नोंदणी दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावी लागते. नोंदणी चालू असेपर्यंतच नावापुढे ‘आरवायटी २००’ लावा. बंद पडली असेल तर ‘२०० तासांचं योगशिक्षक प्रशिक्षण’, शाळेचं नाव आणि वर्ष लिहा. शिकलेलं कुठे जात नाही, फक्त ती अक्षरं लावायचा हक्क जातो.

विद्यापीठाचा डिप्लोमा किंवा बी.पी.एड. ही शैक्षणिक पात्रता झाली. तिला मुदत नसते, आणि शाळा-महाविद्यालयात तिचं वजन जास्त असतं.

वर काय लिहायचं ते समोर कोण आहे यावर ठरवा. सोसायटीच्या महिला मंडळाला आयुष हा शब्द ओळखीचा आहे. परदेशी ग्राहकांना ऑनलाइन शिकवायचं असेल तर योगा अलायन्स पुढे येईल. जिमच्या मालकाला मी तरी नेहमी परीक्षा देऊन मिळालेलं प्रमाणपत्र आधी दाखवते, कारण ‘हे कसं मिळालं?’ या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर असतं.

३. मी जिम ट्रेनर आहे. माझ्या प्रमाणपत्रावर ‘इंटरनॅशनल’ आणि ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ असं दोन्ही छापलंय. ते चालेल ना?

कदाचित चालेल, पण ते शब्द त्याचा पुरावा नाहीत. ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की संस्था ट्रस्ट, कंपनी किंवा उद्यम म्हणून नोंदलेली आहे. चादरीच्या दुकानाचीही तशी नोंदणी असते. आयएसओचा शिक्का संस्थेच्या कारभाराबद्दल असतो. तुमच्या हाताखाली कुणी सुरक्षित स्क्वॉट करेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

तीन प्रश्न विचारून बघा. परीक्षा झाली होती का आणि ती शिकवणाऱ्या माणसाव्यतिरिक्त दुसऱ्या कुणी घेतली होती का? प्रमाणपत्राचा क्रमांक टाकून संस्थेकडे तुमचं नाव पडताळता येतं का? त्याला मुदत आणि नूतनीकरण आहे का? अमेरिकेतल्या एसीई आणि एनएएसएम या संस्थांची ट्रेनर प्रमाणपत्रं दोन वर्षं चालतात, एसीएसएमचं तीन वर्षं, आणि दरम्यान पुढचं शिक्षण घेतल्याचं दाखवावं लागतं. आपल्याकडे क्रीडा, शारीरिक शिक्षण आणि फिटनेस क्षेत्राची कौशल्य परिषद आहे. तिच्या फिटनेस ट्रेनर प्रमाणपत्रावर राष्ट्रीय कौशल्य चौकटीतली पातळी छापलेली असते, ती पानावर लिहा.

तिन्ही प्रश्नांना ‘नाही’ आलं तरी तो कोर्स फेकून देऊ नका. ‘कोर्स’ या शब्दाखाली लिहा, ‘प्रमाणपत्र’ या शब्दाखाली नको. आणि सीपीआरचं प्रशिक्षण घेतलं नसेल तर पुढचे पैसे त्यावरच घाला. त्याची मुदत साधारण दोन वर्षांची असते. संपण्याची तारीख पानावर लिहिलीत तर मालकाचा विश्वास बसतो, कारण ती सहसा कुणी लिहीत नाही.

४. ‘माझ्या क्लायंटना फरक पडला’ हे कसं दाखवू? फक्त वजन कमी झालं म्हणून भागेल का?

याचं उत्तर मोठं आहे. माझ्याच एका बॅचचं उदाहरण घेते.

जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये महिलांची बारा आठवड्यांची बॅच होती, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे एकूण साठ तास. पहिल्या आठवड्यात सतरा जणी आल्या. सोळा जणींची मोजमापं झाली, एकीने नको म्हटलं. शेवटपर्यंत अकरा जणी राहिल्या. पाच जणी मध्येच थांबल्या : दोघींच्या मुलांच्या शाळेची वेळ बदलली, एकीचा गुडघा दुखायला लागला, दोघींनी कारण सांगितलं नाही.

मी तीन गोष्टी मोजल्या होत्या : वजन, कंबर आणि ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते. खुर्चीची ही चाचणी वयस्क माणसांच्या पायांची ताकद बघायला जगभर वापरतात. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे, पूर्ण उभं राहायचं आणि पूर्ण बसायचं. हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसायला सारख्या असल्या तरी उंचीला सारख्या नसतात. म्हणून मी एका खुर्चीच्या पाठीवर लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला आणि दोन्ही वेळा तीच वापरली. मोजण्याआधी प्रत्येकीला दोन-तीनदा उठून बसून बघू दिलं. नाहीतर दुसऱ्या वेळेस नुसत्या सवयीनेच आकडा वाढतो.

कंबर मोजताना टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या बरोबर मधोमध धरायची, आणि माणसाने नेहमीसारखा श्वास सोडल्यावर वाचायची. बेंबीवर धरू नका, बेंबी प्रत्येकाची वेगळ्या जागी असते.

आता आकडे. त्या अकरा जणींच्या उठण्याच्या संख्या सुरुवातीला अशा होत्या : ८, ९, १०, १०, ११, ११, १२, १२, १३, १३, १५. बारा आठवड्यांनंतर त्याच क्रमाने : १०, १२, १३, १३, १४, १४, १४, १५, १५, १६, १५. चढत्या क्रमाने लावून मधला, म्हणजे सहावा आकडा घेतला तर आधी ११ होता, नंतर १४. दहा जणींचा आकडा वाढला, एकीचा होता तिथेच राहिला. वजनात सरासरी ९०० ग्रॅमची घट होती. पण एकीचं ३.४ किलो कमी झालं आणि एकीचं १.१ किलो वाढलं. कंबर सरासरी एक सेंटिमीटरने कमी झाली. टेप धरण्यातच तेवढी चूक होऊ शकते, म्हणून कंबर मी पानावर घेतलीच नाही.

यातून पहिलं वाक्य मी असं लिहिलं होतं : ‘बारा आठवड्यांत ३.४ किलोपर्यंत वजन कमी!’ त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. तरी ते वाक्य फसवं आहे, कारण ते एका बाईचा आकडा अकरा जणींच्या नावावर चढवतं आणि निघून गेलेल्या पाच जणींना पुसून टाकतं. ते खोडून मी हे लिहिलं :

‘१६ महिलांची मोजमापं घेऊन बॅच सुरू केली, ११ जणींनी १२ आठवडे पूर्ण केले. ६० पैकी सरासरी ४३ तासांना हजेरी. बॅचच्या काळात ३० सेकंदांत खुर्चीवरून उठण्याची संख्या ११ वरून १४ झाली (मधला आकडा), एकीत फरक नाही. वजनात सरासरी ०.९ किलो घट, काहींचं वाढलं. ५ जणी थांबल्या : वेळ २, गुडघा १, कारण कळलं नाही २.’

‘बॅचच्या काळात’ हे शब्द मुद्दाम आहेत. त्या महिन्यांत दोघी-तिघींनी घरी चालायलाही सुरुवात केली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे ‘बॅचमुळे’ म्हणायचा मला अधिकार नाही.

हे पान मी एका जिमच्या मालकांना दिलं तेव्हा त्यांनी वजनाबद्दल एक शब्दही विचारला नाही. त्यांनी विचारलं, ‘गुडघा दुखला त्या बाईंचं पुढे काय केलंत?’ मी सांगितलं, वज्रासन आणि खोल बैठका बंद केल्या, डॉक्टरांकडे पाठवलं, त्या परत आल्या नाहीत. तिथून आमचं बोलणं खरं सुरू झालं. आणि साठपैकी त्रेचाळीस हजेरी हा आकडा त्यांनी पेनाने गोल केला. जिमचा धंदा लोक परत येण्यावर चालतो.

५. आमच्या जिममध्ये बॉडी फॅट दाखवणारं मशीन आहे. त्याचे आकडे निकालात देऊ का?

एकट्या माणसाचे देऊ नका. ती मशीन शरीरातून बारीक विद्युतप्रवाह सोडून त्याला होणाऱ्या विरोधावरून अंदाज करतात, आणि तो विरोध शरीरातल्या पाण्यावर ठरतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत तासाभराच्या घामाने वजन किलोभर उतरू शकतं आणि फॅटचा आकडाही हलतो. गटाचे आकडे द्यायचेच असतील तर तेच मशीन, सकाळची तीच वेळ, व्यायामाआधी आणि उपाशीपोटी, असं दोन्ही वेळा ठेवा आणि ते लिहा.

६. आधी-नंतरचे फोटो लावू का? जिमवाले तेच मागतात.

लेखी परवानगी असेल तरच, आणि ती कशासाठी आहे ते वेगवेगळं लिहून. छापील पानावर, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर, जिमच्या इन्स्टाग्रामवर अशा तीन वेगळ्या रेघा ठेवा आणि प्रत्येकीपुढे हो किंवा नाही. ‘कधीही काढून टाकायला सांगू शकता’ हे वाक्यही असू द्या, आणि सांगितलं की त्याच दिवशी काढा.

यात माझ्याकडून एकदा चूक झाली आहे. एका ताईंचा फोटो मी चेहरा झाकून स्टेटसला लावला होता. मागे त्यांच्या अंगणातलं हिरवं तुळशीवृंदावन दिसत होतं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या जावेचा फोन आला. सोलापुरात माणसं एकमेकांना पाठमोरीही ओळखतात. त्या ताई मला काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या महिन्यापासून त्यांनी येणं थांबवलं. तेव्हापासून मी फोटो वापरत नाही, आकडेच देते.

तुम्ही वापरणार असाल तर उजेड, अंतर, कपडे आणि उभं राहायची पद्धत दोन्ही फोटोंत सारखी ठेवा. पहिल्यात पोट सैल आणि दुसऱ्यात आत ओढलेलं असेल तर जुना ट्रेनर ते एका नजरेत ओळखतो.

७. माझ्या एका काकांची शुगरची गोळी कमी झाली. ‘योगाने मधुमेह बरा’ असं लिहू का?

नाही. गोळी त्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून कमी केली. मधे काकांनी रात्रीचा भातही सोडला असेल. ‘बरा’ हा शब्द वाचून दुसरा एखादा माणूस स्वतःच्या मनाने औषध बंद करेल, ही मला खरी भीती वाटते. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेबद्दलची दिशाभूल करणारी जाहिरातही येते.

असं लिहा : ‘मधुमेह असलेल्यांना डॉक्टरांच्या संमतीने बॅचमध्ये घेते, औषधात कोणताही बदल सुचवत नाही.’ ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत त्यांची साखर व्यायामात एकदम खाली जाऊ शकते. हॉलमध्ये ग्लुकोजची पुडी ठेवता हे पानावर आलं तर ‘बरा केला’पेक्षा त्याचं वजन जास्त पडतं. उपचार हा शब्द वापरायचा असेल तर त्यासाठीची पात्रता वेगळी आहे, प्रश्न २ पाहा.

८. बॅचचं स्वरूप कसं लिहू? मी ‘हठयोग, ६० मिनिटं’ असं लिहिते.

त्यातून मालकाला हॉल भाड्याने दिल्यासारखं वाटतं. कुणासाठी, किती माणसं, मिनिटांची वाटणी आणि ज्याला जमत नाही त्याला काय देता, हे चार मुद्दे लिहा.

माणसांची संख्या जागा मोजून ठरवा. समजा हॉल २० फूट रुंद आणि ३० फूट लांब आहे. मॅट साधारण सहा फूट बाय दोन फूट असते, पण हात पसरायला आणि मधून चालायला धरून एका माणसाला आठ बाय चार फूट लागतात. पुढचे सहा फूट तुमच्यासाठी सोडले तर एका रांगेत पाच आणि अशा तीन रांगा, म्हणजे पंधरा. मालक पंचवीस म्हणाले तर त्यांना हा हिशोब जमिनीवर पावलांनी मोजून दाखवा. वाद होत नाही.

मिनिटं अशी लिहा : ओंकार आणि आज कुणाला काय दुखतंय याची विचारपूस ५, सांधे मोकळे करणं १०, आसनं २२, प्राणायाम १०, शवासन ८. बेरीज ५५ होते. उरलेली ५ मिनिटं हॉल रिकामा करायला लागतात, कारण दाराबाहेर झुंबाची बॅच उभी असते. साठ मिनिटं शिकवणं लिहून रोज शवासन कापणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत.

सोलापूरसाठी आणखी दोन गोष्टी लिहिण्यासारख्या आहेत. एक, भाषा. पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं खूप आहेत, शहरात कन्नडही घरोघरी आहे. या भाषांत सूचना देता येत असतील तर नक्की लिहा. दुसरं, वर्षाचं गणित. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आली की संध्याकाळची बॅच रोडावते, श्रावणात उपासाच्या दिवशी जोराची आसनं नकोशी वाटतात, एप्रिल-मेमध्ये साडेसहाची बॅच पावणेसहाला आणावी लागते. हे आधीच पानावर असेल तर जानेवारीत आलेल्या गळतीचा ठपका तुमच्यावर येत नाही.

९. ट्रायलला पंधरा मिनिटंच देतात. त्यात काय दाखवू?

शीर्षासन नको. तुम्हाला काय येतं हे मालकाला पानावरून कळलेलं असतं. त्याला बघायचं असतं की त्याच्या मेंबरशी तुम्ही कसे वागता.

दोन मिनिटं विचारपूस, चार मिनिटं खांदे-मान-कंबर, सहा मिनिटं एकच आसन तीन पायऱ्यांत, तीन मिनिटं श्वास. मी ट्रायल बघते तेव्हा वीरभद्रासनासारखं साधं आसन घेणाऱ्याकडे लक्ष देते : मागच्या रांगेतल्या गुडघा धरून उभ्या असलेल्या बाईंपर्यंत तो चालत जातो का, हात लावण्याआधी विचारतो का, त्यांना भिंत किंवा खुर्ची देतो का. सगळा वेळ स्वतःच्या मॅटवर करून दाखवणारा शिक्षक कितीही लवचीक असला तरी मी त्याचं नाव पुढे पाठवत नाही.

१०. घरी बोलावणाऱ्या खासगी क्लायंटला हेच पान देऊ का?

वरचा भाग तोच, खालचा वेगळा. घरच्यांना ओळखपत्र, वेळ आणि पैसे हे आधी कळायला हवं असतं. ‘१२ सेशन, ६ आठवड्यांत वापरायची, रद्द करायचं तर आदल्या रात्री ९ पर्यंत कळवा’ इतकं स्पष्ट लिहा. पहिल्या भेटीत व्यायाम सुरू करण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घ्या. पार-क्यू नावाच्या प्रचलित प्रश्नावलीत सुरुवातीचे सातच प्रश्न आहेत : हृदयविकार किंवा रक्तदाब, छातीत दुखणं, चक्कर, औषधं असे. एकालाही ‘हो’ आलं तर पुढची चौकशी आणि डॉक्टर.

आणि दुसऱ्या क्लायंटचं नाव घेऊन मोठेपणा सांगू नका. ‘अमक्या डॉक्टरांच्या मिसेस माझ्याकडे येतात’ असं ऐकणारी बाई मनात म्हणते, उद्या ही माझंही सांगेल.

११. मी आत्ताच कोर्स संपवलाय. निकाल काहीच नाहीत. काय लिहू?

नाहीत तर नाहीत म्हणा, आणि सहा आठवडे लावून एक छोटा निकाल तयार करा. मावशी, शेजारीण, वडिलांचे मित्र अशी आठ माणसं पुरतात. पहिल्या दिवशी खुर्चीची चाचणी, रोज हजेरी, शेवटी पुन्हा चाचणी, सगळं प्रश्न ४ प्रमाणे. पानावर ‘ओळखीच्या ८ जणांची सराव बॅच’ असं खरं लिहा. माझ्या एका विद्यार्थिनीला याच जोरावर पहिली संध्याकाळची बॅच मिळाली. तिची हजेरीवही मालकांना आवडली होती.

१२. लग्नानंतर माझं नाव बदललं. प्रमाणपत्र माहेरच्या नावावर आहे. जिमवाले शंका घेतात.

पानावर दोन्ही नावं लिहा, ‘प्रमाणपत्रावरील नाव’ अशी वेगळी ओळ करून. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्राची किंवा राजपत्राची प्रत ठेवा. संस्थेच्या यादीत नाव पडताळताना जुनंच नाव टाकावं लागेल, हे मालकाला आधी सांगा. नाहीतर तो नवीन नाव शोधतो, सापडत नाही, आणि तुम्हाला काही न विचारताच मनात फुली मारतो.

१३. आधीच्या जिममध्ये माझ्या क्लायंटना चांगले निकाल मिळाले. ते नवीन जिमला दाखवू का?

नावं, फोटो, मेंबरचे फॉर्म आणि तिथले रेकॉर्ड घेऊन निघू नका, ते तुमचे नाहीत. तिथे तुम्ही कोणतं काम, किती महिने, किती माणसांबरोबर केलं हे सांगू शकता. डाएट दुसऱ्या कुणी दिलं असेल आणि व्यायाम तुम्ही घेतला असेल तर तसंच लिहा. एखादा क्लायंट स्वतःहून चार ओळी लिहून देत असेल तर त्या वापरा, पण त्याच्या शब्दांत, दुरुस्ती न करता.

१४. जिमवाले मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतो म्हणतात. देऊ का?

मूळ दाखवा, प्रत द्या. प्रतीवर आडवं लिहा : ‘फक्त अमुक जिममधील नियुक्तीसाठी’, तारीख आणि सही. याचं कारण मी स्वतः अनुभवलं आहे. एका जागी काम सोडून वर्ष झाल्यावरही माझं प्रमाणपत्र तिथल्या रिसेप्शनमागे फ्रेममध्ये लटकत होतं, आणि त्याखाली दुसरंच कुणी वर्ग घेत होतं. तिथे शिकणाऱ्या एका आजींनीच ते मला सांगितलं. मी जाऊन फ्रेम उतरवून घेतली. तुम्ही काम सोडताना निघायच्या दिवशीच प्रत परत मागा, आणि भिंतीवर, बोर्डवर, जिमच्या पेजवर तुमचं नाव राहिलं नाही ना, हे स्वतः बघून या.